बाबांच्या सहीचा मेल

आमचा खोक्यांचा कारखाना बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, एका टोकाला कागदाचे रीळ, दुसऱ्या टोकाला पिना मारून तयार झालेल्या खोक्यांचे गठ्ठे आणि मध्ये खळीचा वास. शाळेत कोणी विचारलं की वडील काय करतात, तर मी ‘पॅकेजिंग इंडस्ट्री’ म्हणायचे. माझ्या इंग्रजी शाळेतल्या मुलींना त्यातून काचेच्या इमारतीसारखं काहीतरी दिसायचं. दिसू द्यायचे.

कॉलेज संपल्यावर मी त्याच शेडच्या ऑफिसात बसायला लागले. ऑफिस म्हणजे प्लायवूडची एक खोली. तिच्या खिडकीतून दुपारच्या पाळीच्या बायका दिसायच्या. स्टिचिंग मशीनवर खोका सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, खट्‌ आवाज झाला की पुढे. त्यातल्या काही जणी मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात, पण आता मॅडम म्हणतात. मी एकदा म्हटलं, ‘मॅडम नका म्हणू.’ त्यावर एक जण म्हणाली, ‘मंग काय मनू वं, साहेब?’ सगळ्या हसल्या. मी खिडकी लावून घेतली. त्यांना वाटलं मला राग आला. मला राग येत नव्हता, काय बोलावं ते सुचत नव्हतं. पण खिडकी लावलेली दिसते आणि न सुचणं दिसत नाही.

त्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं. नमकीन बनवणारी फॅक्टरी होती, आमचं निम्म्याहून जास्त काम तिच्यावर चालायचं. त्यांनी स्वतःचंच खोक्यांचं मशीन टाकलं. बाबा त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडता बसले होते. मग म्हणाले, ‘दिवाळीपर्यंत दुसरं मोठं काम नाही भेटलं, तर दुपारची पाळी बंद करा लागन.’ हे ते मला सांगत होते, पण दार उघडं होतं आणि मशीन बंद होती. बायकांनी ऐकलं. पेडलचा आवाज पुन्हा सुरू झाला.

बाबांची काम मिळवायची पद्धत जुनी होती. इस्त्रीचा शर्ट घालायचा, नमुन्याचा खोका गाडीला बांधायचा आणि फॅक्टरीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. पूर्वी कोणीतरी ओळखीचं निघायचं आणि आत चहा व्हायचा. आता गेटवरच अडवतात. एका दुपारी ते खोका तसाच घेऊन परत आले.

‘गेटवाला म्हणते, पर्चेसले मेल टाका. म्हटलं, बापू, हा खोका मेलमध्ये मावते काय?’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुले इंग्रजी येते. लिही ना एक.’

माझ्या इंग्रजीचा त्यांना पहिल्यांदाच काही उपयोग होणार होता. शाळेच्या फीबद्दल त्यांनी कधी काही म्हटलं नाही, पण मला वाटायचं, ही फी कुठेतरी फिटली पाहिजे.

पहिला मेल मी लिहिलाच नाही. बाबांच्या ओळखीच्या एका पॅकिंगच्या टेपवाल्याकडे तयार मजकूर होता, तो मागवला. त्यात सुरुवातीला दिवसाच्या शुभेच्छा होत्या, मग आम्ही अग्रगण्य उत्पादक आहोत, मग दर्जा, वेळेवर पुरवठा, वाजवी भाव, आणि शेवटी तुमच्या बहुमोल उत्तराची वाट पाहत आहोत. मी बाबांना मराठीत वाचून दाखवला.

‘दिवसाच्या शुभेच्छा?’ बाबा म्हणाले. ‘आपण काय कॅलेंडर विकून राहिलो?’

तरी तो मी पाठवला. औद्योगिक वसाहतीच्या यादीतून पत्ते काढले, सगळे एकत्र टाकले आणि एकमेकांना दिसणार नाहीत असे लपवले. वरचं संबोधन ‘आदरणीय सर किंवा मॅडम’. काही पत्ते बंद पडलेले होते, ते परत आले. एका ठिकाणाहून आपोआप उत्तर आलं की साहेब रजेवर आहेत. एकाने लिहिलं, कृपया आमचं नाव यादीतून काढा. त्याने ‘कृपया’ लिहिलं होतं याचंच मला बरं वाटलं.

मग मी उलट बाजूने विचार करायला बसले. पर्चेस मॅनेजर सकाळी फोन उघडतो. त्याला मेल दिसत नाही, विषयाची ओळ आणि मजकुराची पहिली अर्धी ओळ दिसते. तेवढ्यात तो ठरवतो. त्याच्याकडे खोकेवाले, टेपवाले, थर्माकोलवाले, सगळे येतात आणि सगळेच अग्रगण्य असतात. कारखान्याची माहितीपत्रकं जोडलेली असतात, ती कोणी उघडत नाही. मग मी स्वतःसाठी एक नियम केला. जे वाक्य नाव बदलून दुसऱ्या कोणालाही जसंच्या तसं पाठवता येईल, ते काढून टाकायचं. टेपवाल्याच्या मजकुराला हा नियम लावला तर शेवटी फक्त आमचा फोन नंबर उरला.

म्हणजे मेल लिहायच्या आधी त्या एका फॅक्टरीबद्दल एक तरी खरी गोष्ट माहीत हवी. ती कुठून आणायची? गेटच्या आत मला कोण सोडणार होतं? पण त्यांचा खोका गेटच्या बाहेर येतो. तो दुकानात जातो. आणि दुकानात मी रोज जाते.

मनीषनगरमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराण्याचं दुकान आहे. मी तिथे दूध घेता घेता मागच्या भिंतीला लावलेले खोके बघायला लागले. चार-पाच दिवसांनी दुकानदार म्हणाला, ‘काय पाहून राहिली वं बेटा? उंदीर दिसला काय?’ मी म्हटलं, खोके बघतेय. तो म्हणाला, ‘खोके घरी कमी आहेत काय तुमच्या?’ मागे उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. माझे कान गरम झाले. तरीही मी साबणाच्या खोक्यांचा फोटो काढायची परवानगी मागितली, कारण तोपर्यंत मला जे हवं होतं ते दिसलं होतं.

कपडे धुण्याच्या साबणाचे खोके एकावर एक रचलेले होते. बुटीबोरीतल्याच एका फॅक्टरीचे. सगळ्यात खालचा खोका कोपऱ्यात फुगला होता, पोट सुटल्यासारखा. खोक्याची पूर्ण बाजू गडद निळ्या रंगात छापलेली होती.

शेडमध्ये गेल्यावर मी बाबांना विचारलं, खोका कोपऱ्यातून का फुगतो? ते मशीनजवळ होते, ओरडून सांगत होते. दोन सपाट कागदांच्या मध्ये जी लाटांसारखी पन्हळ असते, तिच्यावर खोका उभा राहतो. मोठा रंगाचा पट्टा छापताना त्याच्यावर दाब पडतो आणि पन्हळ दबते. त्यात पावसाळ्यात कागद ओल धरतो. त्यातही कागद पातळ घेतला असेल तर विचारूच नका. ‘वरून बरा दिसते,’ बाबा म्हणाले, ‘पण कंबर मोडली राहते त्याची.’

हे मला फार आवडलं. मी ऑफिसात जाऊन लगेच लिहायला घेतलं.

विषयाच्या ओळीत लिहिलं: मनीषनगरच्या दुकानातला तुमचा खालचा खोका. मग चार-पाच ओळी. तुमचे खोके आमच्या भागातल्या दुकानात रचलेले पाहिले, सर्वात खालचा कोपऱ्यात फुगला आहे, फोटो सोबत आहे. निळ्या पट्ट्याच्या छपाईने पन्हळ दबली असावी. आमची शेड तुमच्यापासून जवळच आहे. तुमच्या मापाचे दोन खोके बनवून पाठवू का? तुम्हीच रचून बघा. माहितीपत्रक जोडलं नाही, अग्रगण्य लिहिलं नाही.

मेल बरोबर होता, पण थंड होता. कोणीतरी हुशार मुलीने लिहिल्यासारखा. पर्चेस मॅनेजरने आयुष्यात एकही खोका न बनवलेल्या मुलीचं का ऐकावं? म्हणून मी तो बाबांच्या नावाने केला. आणि बाबांच्या तोंडी एक वाक्य घातलं: मी आयुष्यभर खोके बनवले आहेत, आणि हा खोका मी माझ्या शेडच्या बाहेर जाऊ दिला नसता.

इंग्रजीत ते वाक्य इतकं छान झालं की मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. हे वाक्य दुसरं कोणी पाठवूच शकत नव्हतं. माझ्या नियमात ते चपखल बसत होतं.

पाठवण्याआधी मी बाबांना बोलावलं. ते हात पुसत दारात उभे राहिले. मी सगळा वाचून दाखवला नाही. म्हटलं, त्यांच्या साबणाच्या खोक्याबद्दल लिहिलंय, नमुना देतो म्हटलंय, खाली तुमचं नाव टाकलंय.

‘तिथं माल कोणाचा जाते?’ बाबांनी विचारलं. ‘खोका पलटवून पाहिला ना? खालच्या झाकणावर बनवणाऱ्याचा ठसा राहते.’

मी खोका पलटवला नव्हता. भरलेल्या खोक्यांचा ढीग, मागे दोन बायका हसताहेत, त्यात मी खालचा खोका कुठे पलटवणार? पण खोकेवाल्याची मुलगी असून मला एवढं माहीत नाही, हे त्या क्षणी मला सांगवेना. एवढी मोठी फॅक्टरी, रायपूरच्या नाहीतर इंदूरच्या मोठ्या प्लांटमधून घेत असेल, असं माझ्या मनाने धरलं.

‘बाहेरचाच आहे,’ मी म्हटलं.

‘मंग ठीक आहे. आपल्यापैकी कोणाचा असला, तर आधी त्याले फोन करा लागते. तसं जाऊन घुसाचं नाही.’ मग मला समजावं म्हणून म्हणाले, ‘मागं आपल्या मशीनचा हीटर जळला होता, तेव्हा भाऊनं त्याचं काम थांबवून आपला कागद त्याच्या मशीनवर चालवला. काहून? उद्या त्याचा जळन, तर तो आपल्याकडं येईन.’

भाऊ म्हणजे बाबांपेक्षा वयाने मोठे, आमच्या शेडपासून थोड्या अंतरावरचे एक खोकेवाले. बाबा त्यांना भाऊ म्हणतात आणि मी काका. लहानपणी ते आमच्याकडे रामटेकचा प्रसाद घेऊन यायचे आणि आईच्या गुडघ्याची चौकशी करायचे. मी मान हलवली आणि मेल पाठवला.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. पर्चेस मॅनेजरने गुरुवारी सकाळी भेटायला बोलावलं होतं, नमुन्यासह. बाबा मला म्हणाले, ‘अजून एकदा वाच.’ मी वाचलं. मग ते शेडमध्ये गेले आणि बायकांना सांगितलं, साबणवाल्यानं बोलावलं. मला साहेब म्हणू का विचारणारी ती बाई म्हणाली, ‘मॅडमनं लिहिलं ना? मंग येतेच काम.’ सगळ्या खिडकीकडे बघत होत्या. त्या वेळी मी खिडकी उघडी ठेवली.

गुरुवारी बाबांनी मला बरोबर घेतलं, कारण साहेब इंग्रजीत बोलले तर पंचाईत. मी नमुन्याचा खोका मांडीवर घेऊन गाडीवर मागे बसले. या वेळी गेटवर नाव आधीच दिलेलं होतं. आत सगळीकडे साबणाचा इतका दाट वास होता की तोंडात चव येत होती. पर्चेसच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा टेबलापलीकडे एक तरुण मॅनेजर बसला होता आणि अलीकडे, आमच्याकडे पाठ करून, एक माणूस. खांद्यावर पांढरा दुपट्टा.

बाबा दारातच थांबले. ‘भाऊ? तुम्ही इथं?’

भाऊ वळले. ‘माल माया आहे ना गा इथं. उन्हाळ्यापासून.’ मग बाबांच्या मागे मला आणि माझ्या हातातल्या खोक्याला बघून म्हणाले, ‘तू काहून आला?’

मॅनेजरने आम्हाला बसायला सांगितलं. टेबलावर फुगलेला निळा खोका होता आणि त्याच्या शेजारी माझ्या मेलची छापील प्रत. मी ती दुरून ओळखली, चेहरा ओळखावा तशी.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो थकलेला होता. म्हणाला, ‘आम्हाला असे मेल रोज ढिगानं येतात. आम्ही उघडत नाही. हा उघडला, कारण माझी बहीण मनीषनगरात राहते. पण हा पत्ता फक्त माझा नाही. क्वालिटीला जातो, प्लांट हेडना जातो. काल सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांनी हा फोटो स्क्रीनवर लावला आणि मला विचारलं, एक बाहेरचा माणूस दुकानात बघतो, तुम्ही काय बघता?’ मग भाऊंकडे वळला. ‘तुमच्याच लाइनमधले आहेत हे. काय लिहिलंय ऐका.’

त्याने कागद उचलला आणि एकेक वाक्य मराठीत करून वाचायला लागला. दुकान, कोपरा, निळा पट्टा, दबलेली पन्हळ. भाऊ मान हलवत ऐकत होते, कामाची गोष्ट ऐकावी तसे. मला पुढचं वाक्य माहीत होतं. मी मनात म्हणत होते, हे सोडून दे, हे वाचू नको. त्याने वाचलं.

‘मी आयुष्यभर खोके बनवले आहेत. हा खोका मी माझ्या शेडच्या बाहेर जाऊ दिला नसता.’

मराठीत ते वाक्य छान नव्हतं. मराठीत तो एका माणसाने दुसऱ्याच्या कामावर टाकलेला शब्द होता, आणि ज्याच्या कामावर टाकला तो हाताच्या अंतरावर बसला होता.

भाऊंनी बाबांकडे बघितलं. आवाज चढवला नाही. ‘असं म्हटलं काय गा तू?’

बाबांनीही ते वाक्य तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

‘हो,’ बाबा म्हणाले. ‘म्हटलं.’

त्या वेळी बोलायला हवं होतं. ‘मी लिहिलं, त्यांना माहीत नव्हतं’ एवढंच वाक्य होतं, आणि ते मला दोन भाषांत येत होतं. मी मांडीवरच्या खोक्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मॅनेजरने एकदा माझ्याकडे पाहून विचारलं, ‘तुम्ही यांच्या कन्या?’ मी म्हटलं, हो. त्या खोलीत मी बोललेला तेवढा एकच शब्द.

मॅनेजर म्हणाला, ‘तर असं करू. दोघंही नवे भाव द्या. ज्याचा बरा, त्याचा माल.’

बाबांनी टेबलावरचा निळा खोका ओढून घेतला. तो पलटवला. खालच्या झाकणावर भाऊंचा लहानसा ठसा होता, स्पष्ट, वाचता येईल असा. बाबांनी तो पाहिला आणि खोका पुन्हा सरळ केला. फुगलेल्या कोपऱ्यावर अंगठा दाबला, झाकणाची कड फाडून थर बघितले.

‘भाऊ, छपाई पहिलेपासून अशीच होती काय?’

‘नाही ना. पहिले बस नाव होतं. मंग यायनं पूर्ण निळा करा म्हटलं.’

‘आन्‌ कागद?’

‘कागदही हलका करा म्हटलं. तोच भाव पाहिजे होता.’

मॅनेजर म्हणाला, ‘ते वरून आलं होतं. मार्केटिंगला निळा हवा होता.’

‘मंग हा खोका भाऊनं बिघडवला नाही, साहेब,’ बाबा म्हणाले. ‘तुम्ही जसा मांगितला, तसा त्यानं दिला. पट्टा लहान करा, वरचा कागद पहिलेचा ठेवा. हाच खोका उभा राहीन. नाही केलं, तर मायाही खोका असाच फुगन. माया नावानं फुगन, एवढाच फरक.’

‘मग मेलमध्ये तुम्ही वेगळं का लिहिलं?’

बाबांनी खोका टेबलावर मागे सरकवला. ‘लिहिताना हातात घेऊन पाहिला नोता,’ ते म्हणाले. हे मात्र खरं होतं. माझ्याबद्दल खरं होतं.

‘म्हणजे तुम्हाला भाव द्यायचा नाही?’

‘नाही.’

मॅनेजरने खांदे उडवले आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं. बहुतेक पट्ट्याबद्दल. आम्ही उठलो. माझा नमुन्याचा खोका मी तसाच छातीशी धरून बाहेर आणला.

बाहेर गाड्यांजवळ भाऊंनी दुपट्टा झटकला आणि चेहरा पुसला. बाबा काहीतरी बोलायला गेले, तर भाऊच आधी बोलले. ‘तुले इंग्रजी कधीपासून येते गा?’

बाबा हसायचा प्रयत्न करत म्हणाले, ‘मी सांगितलं, तिनं लिहिलं.’

‘हो का.’ भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी नवीन कोणीतरी असल्यासारखं पाहिलं. ‘चांगलं लिहिते पोरगी,’ ते म्हणाले आणि गाडीला किक मारली. तेव्हाही मी गप्पच होते. दोनदा संधी मिळाली आणि दोन्ही वेळा बाबांनी माझ्यावर पांघरूण घातलं, आणि मी ते ओढून घेतलं.

परत येताना बाबा रस्त्यावरच बघत होते. शेडच्या वळणाशी वेग कमी करून म्हणाले, ‘तू म्हटलं होतं, बाहेरचा आहे.’

‘मी पलटवून बघितला नव्हता.’

‘मंग तसं सांगाचं ना वं.’

एवढंच. ते ओरडले असते तर मला रडता तरी आलं असतं.

शेडमध्ये पेडलचे आवाज थांबले. बाबांनी बायकांना सांगितलं, नाही जमलं, त्यांचा माणूस पहिलेच आहे. कोणी मॅडमचं नाव काढलं नाही. तीच बाई माझ्याकडे बघून म्हणाली, ‘पाणी पी वं, चेहरा कसा झाला.’ तिची पाळी जाणार होती आणि ती मला पाणी प्यायला सांगत होती. मी ऑफिसात जाऊन संगणक सुरू केला, म्हणजे काहीतरी करतेय असं दिसावं.

बरेच दिवस मी काही लिहिलं नाही. बाबा दोनदा गेटांवर जाऊन आले. मग एका सकाळी चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, ‘दुसरा लिही. पण खोका पाहून.’

मी पाहिलं. या वेळी अगरबत्तीची फॅक्टरी होती. दुकानदाराला सांगून रिकामा खोका मागून घरी आणला. पलटवला. ठसा नव्हता, बरेच जण ठसा मारत नाहीत. म्हणजे विचारावं लागणार होतं, आणि आपल्यापैकी कोणाचा माल कुठे जातो हे सगळ्यात जास्त भाऊंना माहीत असतं. बाबा म्हणाले, मी करतो फोन. मी म्हटलं, नको, मी करते. हे धैर्य नव्हतं. बाबांनी माझ्यासाठी तिसऱ्यांदा त्यांच्याशी बोलावं, हे मला बघवलं नसतं.

‘काका, मी बोलतेय.’

‘बोल.’

‘अगरबत्तीच्या फॅक्टरीत तुमचा माल जातो का? किंवा आपल्यापैकी कोणाचा?’

पलीकडे मशीनचा आवाज येत होता.

‘कोणाचा नाही. भंडाऱ्याहून येते. लिही तू.’

‘काका, त्या दिवशीचं ते वाक्य मी लिहिलं होतं. बाबांना माहीत नव्हतं.’

‘मले त्याच दिवशी समजलं होतं,’ ते म्हणाले. ‘त्याले नाही समजलं, असं वाटलं काय तुले? तो तुया बाप आहे.’ मग म्हणाले, ‘आता कोणाच्या सहीनं लिहून राहिली?’

‘माझ्या.’

‘हं,’ ते म्हणाले आणि फोन ठेवला. आईच्या गुडघ्याचं विचारलं नाही.

तो मेल चार ओळींचा झाला. तुमचा खोका अगरबत्तीच्या पुड्यांपेक्षा रुंद आहे, म्हणून आतल्या पुड्या हलतात आणि कड आतून झिजते. एक खोका उघडून मोजला आहे. माप कमी केलं तर कागदही कमी लागेल. आमची शेड बुटीबोरीत आहे, खोके माझे वडील बनवतात, मी त्यांच्याकडे काम करते. दोन नमुने पाठवू का? खाली माझं नाव आणि माझा नंबर. त्यात छान वाक्य एकही नव्हतं. पाठवण्याआधी मी बाबांना तो सगळा, शब्द न गाळता, मराठीत वाचून दाखवला. ते रिळावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘बरोबर आहे.’

आठवड्याने मी आठवण करून देणारा दोन ओळींचा मेल टाकला, त्यावर उत्तर आलं. नमुने मागवले, मग थोडं काम आलं. नमकीनवाल्यांइतकं नाही. दुपारची पाळी पूर्ण बंद झाली नाही, पण रोज चालतही नाही. आठवड्यातले काही दिवस चालते, आणि बायका आपसात ठरवून येतात, म्हणजे प्रत्येकीला थोडं मिळतं. हे ठरवताना त्यांनी मला विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

एका दुपारी त्यातल्या एकीने पिना मारता मारता विचारलं, ‘मॅडम, काय लिहिता वं तुम्ही त्याच्यात, का ते लोक बोलावतात?’ मी दारात उभी राहून अगरबत्तीचा मेल तिला पाठ म्हणून दाखवला. ती म्हणाली, ‘बस, एवढंच?’ मी म्हटलं, एवढंच.

साबणाचा तो मेल अजून पाठवलेल्यांच्या यादीत आहे, बाबांच्या नावाखाली. तो मी कोणाला वाचून दाखवलेला नाही. बाबांनी कधी मागितला नाही.